‘एका क्लिकमध्ये व्हिडिओ’: जाहिरातीतलं कोणतं वाक्य खरं धरायचं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)

आजचा विषय तुमच्या मोबाइलवर रोज येतोच आहे. फेसबुक उघडलं, इन्स्टा उघडलं, की तिसरी-चौथी जाहिरात एआय व्हिडिओच्या साधनाची असते. ‘कॅमेरा नको, अ‍ॅक्टर नको, एडिटर नको. फक्त एक ओळ लिहा आणि एका क्लिकमध्ये मराठीत जाहिरात तयार. अमर्याद व्हिडिओ. फक्त ९९९ रुपये. आजच सुरू करा आणि घरबसल्या लाखो कमवा.’

परभणीच्या बाजारपेठेतला दुकानदार, सेलूतला फोटो स्टुडिओवाला, गंगाखेडचा क्लास चालवणारा मास्तर, सगळ्यांना हीच जाहिरात दिसते. त्यातले काही जण पैसे भरतात आणि महिन्याभरात म्हणतात, ‘सगळं थोतांड आहे.’ दुसरे काही तेच साधन वापरून बरं काम करून घेतात. म्हणजे जाहिरात पूर्ण खोटी नसते आणि पूर्ण खरीही नसते. तिच्यातलं कोणतं वाक्य कुठं बसतं, ते ओळखता आलं पाहिजे. आज तेवढंच करू.

आधी जाहिरातीचे तुकडे करा

वरची जाहिरात एकसंध वाटते, पण तिच्यात चार वेगवेगळी आश्वासनं आहेत. ‘मराठीत व्हिडिओ तयार होतो’ हे साधनाच्या कुवतीबद्दल आहे. ‘एका क्लिकमध्ये’ हे तुमच्या मेहनतीबद्दल. ‘अमर्याद, ९९९’ हे किमतीबद्दल. आणि ‘लाखो कमवा’ हे परिणामाबद्दल.

हे वेगळं का करायचं? कारण प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे. कुवतीचं आश्वासन तुम्ही स्वतः दहा मिनिटांत तपासू शकता. मेहनतीचं आश्वासन एक खरं काम हातात घेतल्यावरच कळतं. किमतीचं गणित कागदावर मांडून कळतं. परिणामाचं आश्वासन मात्र साधनवाल्याच्या हातातच नसतं. तुमचा व्हिडिओ बघून गिऱ्हाईक दुकानात येईल की नाही, हे त्या कंपनीला कुठून ठाऊक? म्हणून एक सोपा नियम धरा: जे वाक्य साधनाबद्दल बोलतं ते तपासायचं, जे तुमच्या नशिबाबद्दल बोलतं ते सोडून द्यायचं.

नमुन्याचा व्हिडिओ खरा असतो, पण निवडलेला असतो

जाहिरातीतला नमुना बघून आपण भुलतो. तो बहुतेक वेळा त्याच साधनानं बनवलेला असतो, त्यात लबाडी नसते. पण तो कितीतून निवडला आणि नंतर त्याच्यावर किती हात फिरवला, हे जाहिरात सांगत नाही.

याचं एक चांगलं उदाहरण आहे. ओपनएआय कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सोरा’ नावाचं साधन जाहीर केलं. लिहिलेल्या मजकुरावरून एक मिनिटापर्यंतचा व्हिडिओ, असं तेव्हा सांगितलं होतं. मार्चमध्ये कंपनीनं काही कलाकारांची कामं दाखवली. त्यात टोरांटोच्या ‘शाय किड्स’ या गटाची ‘एअर हेड’ नावाची छोटी फिल्म होती. डोक्याच्या जागी पिवळा फुगा असलेला माणूस. सव्वा मिनिटाच्या आसपासची फिल्म, आणि लोक बघून थक्क झाले.

पुढच्याच महिन्यात त्या गटातल्या पॅट्रिक सेडरबर्ग यांनी ‘एफएक्स गाइड’ या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या संकेतस्थळाला मुलाखत देऊन सगळी पडद्यामागची गोष्ट मोकळेपणानं सांगितली. फुगा दर वेळी पिवळाच येत नव्हता, रंग बदलायचा. फुग्यावर मधूनच चेहरा उमटायचा. नको असलेली दोरी लटकायची. हे सगळं नंतर माणसांनी एडिटिंगमध्ये पुसलं, रंग जुळवले. आवाज माणसानं दिला. आणि जेवढे सेकंद फिल्ममध्ये वापरले, त्याच्या साधारण तीनशेपट बनवावे लागले असतील, असा त्यांचा अंदाज होता.

तीनशेपट म्हणजे किती, ते बघा. ८० सेकंदांची फिल्म धरली तर २४,००० सेकंद, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त चित्रण बनवून त्यातून ८० सेकंद उचलले. आणि हे काम करणारी माणसं त्या धंद्यातली होती.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सोरा लोकांना वापरायला मिळालं, तेव्हा सर्वांत महाग योजनेतही एका वेळचा व्हिडिओ २० सेकंदांपर्यंतच होता. जाहीर करताना एक मिनिट, हातात आलं तेव्हा वीस सेकंद. तेव्हा ‘जाहीर झालंय’ आणि ‘आज माझ्या खात्यावर चालतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा. जाहिरातीत ‘लवकरच’, ‘पर्यंत’, ‘निवडक योजनांवर’ असे शब्द असतील तर त्यांच्यावर बोट ठेवून वाचा.

त्यानंतरची साधनं सुधारली आहेत, हे कबूल केलं पाहिजे. मे २०२५ मध्ये आलेल्या गूगलच्या ‘व्हिओ ३’नं चित्राबरोबर आवाजही बनवून दाखवला. तीनशेपट आता लागत नाही. पण एकपटानंही भागत नाही, म्हणजे पहिलाच व्हिडिओ वापरता येईल असं नाही. आणि तेव्हा व्हिओ ३ चा एक तुकडा होता ८ सेकंदांचा.

तुकडे छोटे का असतात?

हे कळलं की अर्ध्या जाहिराती आपोआप उघड्या पडतात. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला चोवीस किंवा तीस चित्रं. एआय ती एकेक करून सुटी काढत नाही. माणूस, साडी, अंगण हे पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत तेच राहावं म्हणून सगळी चित्रं एकमेकांशी जुळवत काढावी लागतात. लांबी वाढली की ही जुळवाजुळव झपाट्यानं वाढते, संगणकाचा खर्चही वाढतो. म्हणून कंपन्या सहसा काही सेकंदांवरच थांबतात.

मग ‘पाच मिनिटांचा व्हिडिओ’ कसा देतात? दोन पद्धती आहेत. एक, छोटे तुकडे एकामागे एक चिकटवतात. दोन, आधीच्या तुकड्याचं शेवटचं चित्र घेऊन तिथून पुढचा तुकडा सुरू करतात. दुसऱ्या पद्धतीत चूक साचत जाते. पहिल्या तुकड्यात काठ थोडा बदलला, दुसऱ्यात तो बदललेला काठच खरा धरला गेला, तिसऱ्यात आणखी बदलला. चौथ्या तुकड्यापर्यंत बाईही वेगळी आणि साडीही वेगळी.

म्हणून नमुना बघताना एक काम करा. एकही कट न येता दृश्य किती सेकंद चालतं, ते मनात मोजा. तीन-चार सेकंदांनी कट येत असेल तर त्या साधनाची चांगली कुवत तेवढीच आहे असं धरा. आणि पहिल्या दृश्यातलं माणूस शेवटच्या दृश्यात पुन्हा येतं का, ते बघा. बऱ्याच नमुन्यांत तेच माणूस परत येतच नाही. कारण तेच अवघड आहे.

आता एक खरं काम मांडून बघू

समजा, तुमचं मानवतला कापडाचं दुकान आहे. दिवाळीसाठी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि इन्स्टावर टाकायला तीस सेकंदांची जाहिरात हवी. दृश्यं चार: पणत्या लावलेलं अंगण, साडी नेसलेली बाई, साडीच्या काठाचा जवळून शॉट, आणि शेवटी दुकानाचं नाव. जाहिरातीवर विश्वास ठेवला तर एका ओळीत काम संपायला हवं. प्रत्यक्षात काय होतं, ते एकेका दृश्यानं बघू.

अंगण आणि पणत्या. हे एआय उत्तम करतं. तुमचंच अंगण असायला हवं अशी अट नाही, कोणतंही सुंदर अंगण चालतं. दोन-तीन प्रयत्नांत काम होईल.

साडी नेसलेली बाई. इथं घोळ सुरू होतो. चालताना पदर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो, निऱ्या विरघळतात, बांगड्यांची संख्या बदलते, हात वळवताना बोटं एकमेकांत मिसळतात. पाच-सहा प्रयत्नांत एखादं दृश्य चालण्यासारखं येतं. सूचना साधी ठेवली, म्हणजे बाई उभी आहे, हळूच हसते, कॅमेरा थोडा जवळ येतो, तर लवकर येतं. ती चालते, वळते, पदर उडवते असं सगळं एका ओळीत मागितलं की बिघडतं.

साडीच्या काठाचा शॉट. हा एआयकडून करूच नका. तुम्ही दुकानातल्या पैठणीचा फोटो दिलात, तरी तो बहुतेक वेळा पहिलं चित्र म्हणून वापरला जातो. पुढच्या चित्रांत काठावरचा मोर हलला की त्याची नक्षी साधन आपल्या मनानं भरतं. ती दिसायला सुरेख असते, पण ती तुमच्या दुकानातली साडी नसते. गिऱ्हाईक व्हिडिओ दाखवून म्हणणार, ‘दादा, हीच द्या.’ आणि ती तुमच्याकडे नाही. जगात कुठंच नाही. हा शॉट खिडकीच्या उजेडात स्वतःच्या मोबाइलनं घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटी दुकानाचं नाव. व्हिडिओचं साधन अक्षरं लिहीत नाही, अक्षरांसारखी चित्रं काढतं. इंग्रजीत ते बऱ्यापैकी जमू लागलंय, पण देवनागरीत काना-मात्रा घसरतात आणि जोडाक्षरांची मोडतोड होते. ‘वस्त्रालय’ लिहायला सांगा आणि ‘स्त्रा’चं काय होतं ते बघा. त्यामुळे पाटी एआयकडून मागायचीच नाही. मोबाइलच्या कोणत्याही साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये मराठी अक्षरं वरून टाकायची.

राहिला आवाज. ‘अस्सल मराठी आवाज’ असं म्हणणाऱ्या साधनाला हे एक वाक्य वाचायला द्या: ‘जिंतूरच्या बाजारात चार शेळ्या, दोन चाकं आणि पायलीभर ज्वारी.’ ‘चार’मधला च आणि ‘चाकं’मधला च मराठीत वेगळे आहेत. ‘बाजार’मधला ज आणि ‘जिंतूर’मधला ज वेगळे. ‘शेळ्या’मधला ळ आणखी वेगळा. लिहिताना अक्षर एकच, बोलताना दोन, हे ज्या साधनाला कळलेलं नाही ते हिंदी वळणानं वाचतं. आपल्या माणसाला ते दुसऱ्या शब्दालाच कळतं. जाहिरातीतला त्यांचा नमुना ऐकून ठरवू नका. तो त्यांनी निवडलेला असतो. तुमचं वाक्य त्यांच्या साधनात घालून ऐका.

‘अमर्याद’ आणि वापरण्यासारख्या सेकंदाचा भाव

आता पैशाचं बघू. बहुतेक साधनं व्हिडिओ विकत नाहीत, क्रेडिट विकतात. हिशोबासाठी आपण आकडे धरू, तुमच्या साधनाचे आकडे त्याच्या किमतीच्या पानावर मिळतील.

समजा, ९९९ रुपयांत १,००० क्रेडिट. आवाजासह ८ सेकंदांच्या तुकड्याला १०० क्रेडिट, आणि बिनआवाजाच्या तुकड्याला ५०. म्हणजे आवाजासह दहा तुकडे मिळतात, एका तुकड्याला १०० रुपये. पाच प्रयत्नांत एक चांगला येतो असं धरलं, तर चांगला तुकडा पडतो ५०० रुपयांना. आठनं भागा: वापरण्यासारख्या एका सेकंदाला साधारण ६२ रुपये. चार तुकड्यांसाठी वीस प्रयत्न, म्हणजे दोन महिन्यांचे पैसे एका जाहिरातीत गेले.

आता वरचा धडा वापरा. साडीचा शॉट मोबाइलवर, पाटी एडिटिंग अ‍ॅपमध्ये, आवाज घरातल्याच कुणाचा तरी. एआयकडून फक्त अंगण आणि उभी बाई, तेही बिनआवाजाचं. दोन तुकडे, प्रत्येकी पाच प्रयत्न, दर तुकड्याला ५० रुपये. ५०० रुपयांत काम झालं आणि अर्धी क्रेडिटं शिल्लक. साधन तेच, योजना तीच, पण एकाला ते महाग पडलं आणि दुसऱ्याला परवडलं.

हा ‘वापरण्यासारख्या सेकंदाचा भाव’ कुठल्याही साधनाला लावून बघा. आणि तोच आकडा गावातल्या व्हिडिओग्राफरनं सांगितलेल्या दराशी ताडून बघा. कधी कधी माणूस स्वस्त पडतो, आणि त्याच्या शूटिंगमध्ये साडी तुमचीच असते.

मग ‘अमर्याद’चं काय? तिथं सहसा बारीक अट असते. अमर्याद म्हणजे हळू रांगेत, कमी दर्जाच्या चित्रात, किंवा त्यांच्या जुन्या मॉडेलवर. नवं चांगलं मॉडेल क्रेडिटवरच. ‘फुकट’मध्ये वॉटरमार्क असतो, किंवा धंद्यासाठी वापरायला परवानगी नसते. तीन प्रश्न विचारायचे: कोणतं मॉडेल अमर्याद? वॉटरमार्क निघतो का? धंद्यासाठी वापरायची परवानगी आहे का? उत्तर किमतीच्या पानावर स्पष्ट नसेल, तर ‘नाही’ असंच धरा.

आणि ‘१ रुपयात ७ दिवस’ या योजनेत तुम्ही एक रुपया देत नसता, यूपीआय ऑटोपेची मंजुरी देत असता. मंजुरीच्या पडद्यावर रुपयाच्या खाली एक कमाल रक्कम लिहिलेली असते, ती वाचा. वसुलीच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साधन नको असेल तर त्यांचं अ‍ॅप मोबाइलवरून काढून उपयोग नाही, पैसे जातच राहतात. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती मंजुरीच रद्द करावी लागते.

‘लाखो कमवा’ का सोडून द्यायचं?

याच्यावर जास्त वेळ घालवत नाही, पण ज्यांनी नोकरी सोडून ‘एआय चॅनल’ काढायचं ठरवलंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर लागतात, आणि त्याबरोबर बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं असावं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. ही अट साधन बदलून बदलत नाही. दुसरं, जुलै २०२५ मध्ये यूट्यूबनं आपल्या धोरणाचे शब्द स्पष्ट केले. साच्यातून काढल्यासारखे, एकासारखे एक, ढिगानं बनवलेले व्हिडिओ कमाईसाठी पात्र नाहीत. एआय वापरणं बंद नाही, पण ‘एका क्लिकमध्ये रोज पन्नास व्हिडिओ’ ही जाहिरात ज्या प्रकारचा माल बनवायला सांगते, त्याच मालाला तिथं अडवतात. जाहिरातीत ही अट कुणी सांगत नाही.

साधनच खोटं असलं तर?

आतापर्यंत आपण खऱ्या साधनांच्या वाढीव जाहिराती बघितल्या. याहून वाईट प्रकार आहे तो साधनच नसल्याचा. मे २०२५ मध्ये गूगलच्या मॅन्डियंट या सुरक्षा पथकानं एक अहवाल दिला. लुमा, क्लिंग यांसारख्या ओळखीच्या एआय साधनांची हुबेहूब नक्कल केलेली पानं बनवून, त्यांच्या जाहिराती फेसबुक आणि लिंक्डइनवर चालवल्या जात होत्या. तुम्ही ओळ लिहायची, ‘व्हिडिओ तयार होतोय’ अशी पट्टी पुढं सरकायची, आणि शेवटी डाउनलोडला एक झिप फाइल यायची. त्याच महिन्यात मॉर्फिसेक या कंपनीनं पकडलेल्या अशाच एका झिपमधल्या फाइलचं नाव होतं:

```
Video Dream MachineAI.mp4.exe
```

मधलं `.mp4` फसवायला आहे. खरं शेपूट शेवटचं, `.exe`, म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज हे शेवटचं शेपूट नेहमीच्या सेटिंगमध्ये लपवतं, त्यामुळे ती व्हिडिओच वाटते. उघडली की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरीला जातात. ज्या स्टुडिओच्या संगणकावर फेसबुक पेज, जीमेल आणि बँकेचं काम एकत्र चालतं, तिथं एका फाइलनं सगळं जाऊ शकतं.

ओळखायची खूण सोपी आहे. खरं साधन व्हिडिओ आधी ब्राउझरमध्येच चालवून दाखवतं आणि एका व्हिडिओसाठी झिप देत नाही. डाउनलोडनंतर काही ‘इन्स्टॉल’ करायला सांगितलं की तिथंच थांबा. पैसे भरण्याआधी किंवा फाइल घेण्याआधी दोन मिनिटं काढून `facebook.com/ads/library` वर त्या पेजचं नाव टाका. ते पेज कोणत्या जाहिराती चालवतंय आणि कधीपासून, हे तिथं दिसतं. पेजवरच्या Page transparency मध्ये ते कधी बनलं आणि त्याचं नाव आधी काय होतं, तेही कळतं. मागच्या वर्षी मिठाईचं दुकान असलेलं पेज या महिन्यात एआय कंपनी झालं असेल, तर समजून जा. आणि जाहिरातीतल्या बटणावरून जाऊ नका, साधनाचा पत्ता स्वतः टाइप करा.

नियम दोन्ही बाजूंना लागतो

तक्रारीचं सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. अटी ज्या भाषेत दावा केलाय त्याच भाषेत हव्यात. म्हणजे ‘अमर्याद’ मराठीत आणि अट बारीक इंग्रजीत, हे चालत नाही. आणि अट ही दाव्याला उलटवणारी असू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारीख आणि पैसे भरल्याची पावती ठेवा. कंपनी परदेशातली असेल आणि इथं तिचा पत्ताच नसेल, तर पैसे परत मिळणं अवघड जातं. म्हणून आधी ऑटोपे रद्द करायचं, मग तक्रार.

आता दुसरी बाजू. तुम्ही व्हिडिओ बनवून टाकलात की जाहिरातदार तुम्ही झालात. हाच कायदा तुम्हालाही लागतो. साडीत फार तर गिऱ्हाईक नाराज होईल. पण समजा, पाथरीत तुमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि तुम्ही एआयनं कापसाचं शेत बनवलंत. प्रत्येक झाडाला बोंडंच बोंडं, खाली बियाण्याच्या पाकिटाचं नाव. ते शेत कुठंच उगवलेलं नाही. पण बघणारा शेतकरी ते बघून बियाणं नेणार, आणि त्याचा सगळा हंगाम त्या पाकिटावर उभा राहणार. तसंच एआयनं बनवलेला ‘समाधानी शेतकरी’ किंवा ‘पहिला आलेला विद्यार्थी’. जो माणूसच नाही त्याचा अनुभव खरा कसा असेल? सजावट एआयची चालेल, पण माल आणि साक्ष एआयची नको. पीक दाखवायचं तर खऱ्या शेतात जाऊन, गाव आणि तारीख सांगून दाखवा.

तर मग काय खरं धरायचं?

थोडक्यात सांगतो. पाच ते दहा सेकंदांचं, साध्या हालचालीचं, ‘असंच हवं’ अशी अट नसलेलं दृश्य: हे आश्वासन खरं धरा. पार्श्वभूमी, सणाचं वातावरण, पाऊस, आकाश, कल्पनेतलं जग, फोटोला थोडी हालचाल, यात ही साधनं पैसे वसूल करून देतात. तेच माणूस चार दृश्यांत, मराठी आवाज, ओठांची जुळणी: हे ‘कधी जमतं, कधी नाही’मध्ये टाका आणि स्वतःच्या वाक्यावर तपासा. तुमचाच माल हुबेहूब, देवनागरी पाटी, एका क्लिकमध्ये पूर्ण जाहिरात: हे आज धरू नका. आणि कमाईचं वाक्य यादीतच घेऊ नका.

पैसे भरण्याआधी एवढं करा. फुकटच्या चाचणीत तीनच तुकडे बनवा: तुमच्या मालाच्या फोटोवरून एक, चालणाऱ्या माणसाचा एक, आणि ते जिंतूरच्या बाजाराचं वाक्य बोलणारा एक. तिन्ही तुकडे घरातल्या कुणाला तरी दाखवा, ‘हे एआयचं आहे’ असं न सांगता. त्यांनी पहिलाच प्रश्न ‘हिचा हात असा का?’ असा विचारला, तर ९९९ रुपये खिशातच राहू द्या. चाचणीच देत नसतील, तर एकाच महिन्याचे पैसे भरा. ‘वर्षाचे भरा, सत्तर टक्के सूट’ हे घेऊ नका. या क्षेत्रात सहा महिन्यांत साधनं मागं पडतात, आणि वर्षाचे पैसे भरलेला माणूस जुन्याच साधनाला धरून बसतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे आलेली एखादी जाहिरात तपासून हवी असेल तर तिचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात तिचे असेच तुकडे करू.